तीन लेक्चर बसा म्हणालात, बारा लागत होते : हजेरी समितीला खुलं पत्र

माननीय प्राचार्य सर, आणि हजेरी समितीतले सगळे सर-मॅडम,

नमस्कार. मी तुमच्याच कॉलेजात एसवायला आहे. नाव लिहीत नाही, कॉलेजचंही लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि खान्देशात एवढी कॉलेजं आहेत की बऱ्याच ठिकाणी हेच चालू असणार. तुम्हाला मात्र वाचल्या वाचल्या कळेल की मी कोण, कारण मी गेल्या आठवड्यात तीन वेळा ऑफिसच्या खिडकीवर येऊन हेच सांगत होते आणि तिन्ही वेळा "अर्ज लिहून दे" असं ऐकून परत गेले. अर्ज दिलाय. आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण कमी हजेरीवाल्यांच्या यादीत मी एकटी नाही.

आधी माझी चूक सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी काढायला नको. एका पेपरची पहिली ४० लेक्चर झाली तेव्हा माझी हजेरी २७ होती, म्हणजे १३ चुकली. त्यातला एक सोमवार कानबाईच्या विसर्जनाचा होता, त्या दिवशी आमच्या गावातून कॉलेजला कोणीच निघत नाही. चार दिवस ताप होता. पाच वेळा बस उशिरा आली, कारण आमचं गाव तापीकाठी, तिथून कॉलेज २२ किलोमीटर, पहिलं लेक्चर ७.४० ला आणि पहिल्या पाच मिनिटांत हजेरी झाली की नंतर येणारा वर्गात बसला तरी रजिस्टरमध्ये गैरहजर. राहिलेले तीन दिवस मी नुसती झोपले होते, त्याचं काही कारण नाही. तर ४० पैकी २७ म्हणजे साडेसदुसष्ट टक्के, ७५ पाहिजेत, यादीत नाव आलं ते बरोबरच आलं. ७५ चा नियम काढून टाका असं मी म्हणतच नाहीये.

माझी तक्रार यादीतल्या शेवटच्या रकान्याबद्दल आहे. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं होतं "कमी पडणारी लेक्चर", आणि खाली सूचना होती की विद्यार्थ्यांनी तेवढी लेक्चर पुढे सलग अटेंड करून हजेरी पूर्ण करावी. माझ्या नावापुढे ३ होते.

तीन! मला तर हायसं वाटलं. मी लगेच पुढची तीन लेक्चर सलग बसले, एकदा तर पाऊस होता म्हणून आधीच्या बसने येऊन अर्धा तास व्हरांड्यात उभी राहिले. घरी सांगितलं की झालं माझं. आता सप्टेंबरचा शेवट, बागायती कापसाची पहिली वेचणी आलेली, परतीचा पाऊस डोक्यावर, बोंडं फुटून लटकलेली, आणि मजूर मिळत नाही हे तुम्हाला मी काय सांगू, तुमच्यातल्या निम्म्या सरांची स्वतःची शेती आहे. पप्पा म्हणाले, "तीन लेक्चर व्हयनात ना तुना? मंग आते वावरमा चाल." गेले मी. चार लेक्चर चुकली. मला वाटलं सगळं ठीक आहे, नंतर बघू.

आले तर दुसरी यादी लागलेली आणि माझं नाव परत त्यात. ४७ पैकी ३०, म्हणजे ६३.८३ टक्के. मी आधी होते त्याच्याही खाली. ऑफिसातले काका चांगले आहेत, त्यांनी मला कॉम्प्युटरवर शीट उघडून दाखवली, त्यात असं होतं, `B2` म्हणजे झालेली लेक्चर आणि `C2` म्हणजे हजेरी :

```
=ROUNDUP(0.75*B2-C2,0)
```

म्हणजे ४० चे पाऊणशे टक्के ३०, तुझी २७, वजा केले, ३ आले. बघायला एकदम बरोबर वाटतं. पण हे ३ म्हणजे आजपर्यंत झालेल्या ४० लेक्चरमध्ये तू आणखी ३ ला असायला पाहिजे होतीस असं उत्तर आहे. ते दिवस तर गेले. पुढे बसायचं म्हटलं की मी हजर राहिलेल्या प्रत्येक लेक्चरबरोबर झालेल्या लेक्चरचा आकडाही एकने वाढतो ना. मी तीन बसले तर २७ चे ३० झाले पण ४० चेही ४३ झाले, आणि ४३ पैकी ३० म्हणजे ६९.७७. तुमच्या सूचनेप्रमाणे तंतोतंत वागूनसुद्धा मी सव्वापाच टक्क्यांनी खालीच होते, आणि हे यादी लावली त्याच दिवशी कागदावर काढता आलं असतं.

हे डेअरीवरच्या दुधासारखं आहे. कॅनमध्ये २७ लिटर दूध आहे आणि १३ लिटर पाणी पडलंय. पाणी चौथा हिस्साच असायला पाहिजे अशी अट आहे. पाणी तर आता काढता येत नाही, दूधच ओतत राहायचं. पाणी १३ लिटर आहे आणि ते चौथा हिस्सा व्हायचं तर अख्खा कॅन १३ गुणिले ४ म्हणजे ५२ लिटरचा व्हावा लागेल. आत्ता ४० आहे. म्हणून १२ लिटर दूध, नुसतं दूध, मध्ये एक थेंब पाणी नाही. हजेरीचंही तेच. चुकलेली लेक्चर १३, गुणिले ४ केले तर ५२, त्यातून झालेली ४० वजा, उरली १२. पडताळा घ्या, ५२ पैकी ३९, बरोबर ७५.

म्हणजे माझ्या नावापुढे ३ नाही तर १२ पाहिजे होते. आणि हा चारपट फरक काही योगायोग नाही, ७५ च्या नियमात तो नेहमीच येणार (पूर्णांकामुळे थोडंफार इकडेतिकडे). शीटमध्ये एवढंच बदलायचं होतं :

```
=MAX(0,3*B2-4*C2)
```

३ गुणिले ४० म्हणजे १२०, त्यातून ४ गुणिले २७ म्हणजे १०८ गेले, १२. ज्याची हजेरी आधीच पुरेशी आहे त्याचं उत्तर उणे येईल, म्हणून ते `MAX`. राउंडअप पण लागत नाही, सगळे पूर्ण आकडेच आहेत. माझा मावसभाऊ एलएलबीला आहे, त्यांच्याकडे ७० ची अट आहे, तिथे ४ ने गुणायचं नाही, चुकलेली भागिले ०.३ करायचं. कुठे प्रॅक्टिकलला ८० असेल तर चुकलेली गुणिले ५. शेकडा किती चुकवायची परवानगी आहे त्याने भागायचं, बस. मी गणिताची नाही, माझा विषय केमिस्ट्री आहे, पण आमच्याकडे द्रावण पातळ करायचं गणित याहून अवघड असतं.

आता १२ आणि ३ मध्ये माझ्यासाठी काय फरक पडला ते बघा, कारण "अगं मग बस ना अजून थोडी" असं एक मॅडम म्हणाल्या, रागाने नाही, सहजच म्हणाल्या, पण ते मला खूप लागलं.

हा पेपर चार क्रेडिटचा, म्हणजे सेमिस्टरमध्ये ६० लेक्चर. ६० चा चौथा हिस्सा १५. म्हणजे पूर्ण सेमिस्टरमध्ये जास्तीत जास्त १५ चुकली तर चालतं, सोळावं चुकलं की संपलं, पुढचं एकूण एक लेक्चर बसलात तरी ७५ होणारच नाही. यादी लागली तेव्हा माझी १३ चुकली होती. माझ्याकडे फक्त दोन शिल्लक होती! हे मला कोणी सांगितलं असतं तर मी पप्पांना हात जोडले असते, मामांना बोलावून घेतलं असतं, रविवारी दोन्ही वेळ वेचलं असतं, पण लेक्चर सोडलं नसतं. त्याऐवजी माझ्या हातात कॉलेजच्या सही-शिक्क्याचा कागद होता की तीन बसलीस की झालं. मी चार सोडली, १३ चे १७ झाले. १७ गुणिले ४ म्हणजे ६८. सेमिस्टर ६० चं आहे.

वावरातून आल्यावर मी पुन्हा तीन बसलेय. आज रविवार, हिशोब असा की ५० झाली, मी ३३ ला होते, ६६ टक्के. सूत्र म्हणतं अजून १८ सलग बस. राहिलीत १०. दहाच्या दहा बसले तर ६० पैकी ४३, म्हणजे ७१.६७. टर्म मिळणार नाही, परीक्षेचा फॉर्म अडकणार.

माझ्यापेक्षा वाईट केस वर्गात आहे. चोपड्याच्या बाजूने येणारा एक मुलगा, त्याची ४० पैकी २२ होती. चुकली १८, गुणिले ४ म्हणजे ७२. म्हणजे यादी लागली त्या दिवशीच त्याचा विषय संपलेला होता, उरलेली २० च्या २० बसला असता तरी ६० पैकी ४२, सत्तर टक्के. त्याच्या नावापुढे तुम्ही ८ लिहिलं होतं. तो सकाळी गाडी भरायचं काम करायचा, ते सोडून आठ लेक्चर एकही न चुकवता बसला, ४८ पैकी ३० झाली, साडेबासष्ट टक्के. मग त्याला सांगण्यात आलं की तुझं अजून ६ बाकी आहे. सर, तो सहा पण बसायला निघाला होता. मी त्याला वहीच्या मागच्या पानावर गणित करून दाखवलं तेव्हा तो काहीच बोलला नाही, वही बंद करून दिली. खरं सांगते, दाखवलं नसतं तर बरं झालं असतं असं मला त्या वेळी वाटलं.

म्हणून दुसरी तक्रार यादीच्या वेळेची. ४० व्या लेक्चरला पहिली यादी लावून काय उपयोग? ज्याची तोपर्यंत १६ चुकली त्याला ती यादी काही कामाची नाही, ती फक्त निकाल आहे. तीच २० व्या लेक्चरला लागली असती तर त्या मुलाची तेव्हा ९ चुकली होती, त्याने स्वतः मोजून सांगितलं. ९ चोक ३६, म्हणजे १६ सलग बसला असता तर बाहेर, आणि ४० लेक्चर शिल्लक. रस्ता होता. मुलं उशिरा जागी होतात हे मान्य, पण उठवणारा पण दुपारी येतो.

तिसरी गोष्ट ही "सलग" शब्दाची, ती कोणीच समजावून सांगत नाही. सूत्रातून येणारा आकडा हा एकही न चुकवता बसण्याचा आहे. मध्ये एक चुकलं तर ते एक नाही, मागे तीन घेऊन येतं, म्हणजे १२ पैकी ५ बसलो आणि एक सोडलं तर राहिलेली ७ नाही तर १० होतात. आमच्या वर्गात सगळ्यांचा एक समज आहे, आधी माझाही होता, की चारपैकी तीन बसत राहिलं तर ७५ चा स्पीड आहे, हळूहळू होऊन जाईल. होत नाही! ४० पैकी २७ वरून चारपैकी तीन या हिशोबाने मी पुढची २० बसले असते तर ६० पैकी ४२, म्हणजे ७०. ६७.५ वरून ७० एवढंच. हजार लेक्चर असती तरी ते ७५ च्या जवळ जवळ सरकत राहिलं असतं, पोचलं कधीच नसतं. चारपैकी तीनने ७५ वर असलेला टिकतो, खाली गेलेला वर येत नाही. वर यायचं तर त्याहून जास्त बसावं लागतं, आणि दिवस थोडे असले की एकही न चुकवता.

अजून एक आहे, ती तक्रार म्हणून नाही पण लक्षात घ्या. ६० लेक्चर होतील हे आपण धरून चाललोय. सर ट्रेनिंगला गेले, निवडणुकीची ड्युटी लागली, तर लेक्चर होत नाही, ते रजिस्टरमध्येही येत नाही, बरोबरच आहे, आम्ही पण खूश होतो. पण त्याने चुकवायची मर्यादाही खाली येते. ६० ऐवजी ५४ च झाली तर चौथा हिस्सा साडेतेरा, म्हणजे १३ चालतात, चौदावं नाही. १४ चुकलेल्या मुलीचं ६० ला ७६.६७ होतं आणि ५४ ला ७४.०७, तिने काहीही न करता. म्हणून "अजून अंदाजे किती लेक्चर होणार" हा आकडा यादीवर नसेल तर बाकीचे सगळे आकडे अर्धवट आहेत.

आता माझ्या मागण्या. जास्त नाहीत.

यादीचं सूत्र उद्याच बदला, वर दिलंय तेच टाका. आणि तीन रकाने वाढवा : चुकलेली किती, सलग किती बसायला लागतील, आणि उरलेली किती. दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर तिथे स्पष्ट लिहा की नुसतं बसून आता होणार नाही, येऊन भेटा. त्या पोराला खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या सेमिस्टरपासून पहिली यादी २० व्या लेक्चरला आणि दुसरी ३० व्या लेक्चरला लावा. मोबाइलवर ग्रुपवर टाकली तरी चालेल, बोर्डपर्यंत जायला आम्हाला बस सुटायच्या आधी वेळ मिळत नाही.

पहिल्या लेक्चरच्या हजेरीसाठी बसवाल्या मुलांना दहा मिनिटं द्या, किंवा हजेरी शेवटी घ्या. माझ्या १३ मधली ५ त्यातलीच आहेत, आणि ती पाच वाचली असती तर हे पत्रच लिहायला लागलं नसतं.

आणि या वर्षीसाठी, ज्यांनी तुमच्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला त्यांच्यासाठी जादा लेक्चर घ्या. माझ्यापुरतं सांगायचं तर दहाच्या दहा बसून वर ८ जादा बसले तर ६८ पैकी ५१, बरोबर ७५. त्या चोपड्याकडच्या मुलाचीही १८ च चुकलीत, त्याने उरलेली सगळी बसली तर त्याला ६० नंतर १२ लागतील, ७२ पैकी ५४. पण ही जादा लेक्चर सगळ्या वर्गाच्या रजिस्टरमध्ये धरू नका प्लीज. गेल्या वर्षी एका पेपरला असं झालं होतं, कमी हजेरीवाल्यांसाठी म्हणून घेतलेली लेक्चर सगळ्यांना लावली आणि ज्यांचं व्यवस्थित चाललं होतं ते खाली आले. ६० पैकी ४६ वाली मुलगी, ७६.६७, ती ८ जादा लेक्चरना आली नाही तर ६८ पैकी ४६ होऊन ६७.६५ वर येते. तिने का भोगावं? ज्यांना लागतात त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवा.

आम्हाला फुकट टक्के नकोत. "मानवतेच्या दृष्टीने" वगैरे अर्जात लिही असं काकांनी सुचवलं होतं, मी ते लिहिलं नाही. आठ लेक्चर मागतेय, बसून ऐकून सही करून घेईन, पाहिजे तर त्यावर टेस्ट घ्या.

दोन्ही याद्यांचे फोटो आणि माझा हिशोबाचा कागद अर्जाला जोडलाय. कुठे आकडा चुकला असेल तर सांगा, दुरुस्त करते. उत्तर या आठवड्यात द्या, कारण दहा लेक्चर म्हणजे अडीच आठवडे, त्यानंतर जादा लेक्चर घ्यायलाही तारखा उरणार नाहीत.

उद्या सोमवार, ५१ वं लेक्चर ७.४० ला आहे. मी पहिल्या बसने येतेय, सव्वासातला गेटवर असेन. ऑफिस उघडेपर्यंत थांबायचं असेल तर लेक्चर झाल्यावर थांबते.

आपली विद्यार्थिनी,
दोन्ही याद्यांत नाव असलेली